पाकिटासोबतचे पत्र

साताऱ्याला माझी वहिनी गेली काही वर्षे घरी गोडा मसाला करून विकते. महिन्यातून दोनदा घाणा काढायचा, पंधरा-वीस किलोचा माल तयार करायचा, ओळखीच्या घरांना आणि दोन-तीन दुकानांना द्यायचा, असा तो बेताचा व्यवसाय आहे. गेल्या वर्षी माझ्या पुतण्याने या कामात लक्ष घातले. मसाला चांगला आहे, पण तो ओळखीच्या परिघाबाहेर कोणाला ठाऊक नाही, हे त्याचे म्हणणे खरे होते. जाहिरातीला पैसा नव्हता. तेव्हा आजकाल पुष्कळ लहान व्यावसायिक जे करतात तेच करण्याचे त्याने ठरवले : स्वयंपाकाचे व्हिडिओ करणाऱ्या एखाद्या छोट्या निर्मातीला मसाला मोफत पाठवायचा आणि तिने वापरून पाहून आपले मत प्रामाणिकपणे सांगावे अशी विनंती करायची. त्यासाठी लिहायचा संदेश त्याने माझ्याकडे तपासायला पाठवला. ‘काका, फक्त शुद्धलेखन बघा,’ असे त्याने वर लिहिले होते.

शुद्धलेखनाच्या दोन-तीनच चुका होत्या. पण त्या आठ ओळी वाचताना माझ्या लक्षात आले की, या प्रकारच्या पत्रात भाषेचे प्रश्न आणि व्यवहाराचे प्रश्न वेगळे काढता येत नाहीत. कोणता शब्द लिहायचा, हे ठरवण्याआधी आपण नेमके काय देतो आहोत आणि काय मागतो आहोत, हे ठरवावे लागते.

पुतण्याचा मूळ मजकूर असा होता : ‘हाय डिअर, आम्ही तुमच्या कंटेंटचे खूप मोठे फॅन आहोत! तुमच्यासोबत एक एक्सायटिंग कोलॅब करण्याची इच्छा आहे. आमचा १००% शुद्ध, पारंपरिक, आजीच्या हातच्या चवीचा गोडा मसाला आम्ही तुम्हाला अगदी मोफत पाठवू. त्या बदल्यात तुम्ही फक्त एक छोटासा प्रामाणिक रिव्ह्यू द्यायचा आहे. व्हिडिओ टाकण्याआधी आम्हाला दाखवावा व सात दिवसांत पोस्ट करावा. पत्ता आणि मोबाइल नंबर लवकर पाठवा.’

हा मजकूर वाईट हेतूने लिहिलेला नव्हता. असे शेकडो संदेश फिरत असतात, त्यांच्याच साच्यातून तो निघाला होता. पण ज्या बाईंना तो जायचा होता त्यांच्या जागी बसून वाचला, म्हणजे तो कसा ऐकू येतो? ‘डिअर’ म्हणणारा माणूस आपल्याला ओळखत नाही, हे पहिल्याच शब्दात कळते. ‘खूप मोठे फॅन’ म्हणणाऱ्याने आपला एकही व्हिडिओ पाहिल्याची खूण पुढे कुठे सापडत नाही. तीच सहा वाक्ये आणखी पन्नास जणींना गेली असणार, असा तर्क करायला फार हुशारी लागत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ‘प्रामाणिक’ या शब्दाच्या पुढच्याच वाक्यात ‘टाकण्याआधी आम्हाला दाखवावा’ असे आहे. मत आधी दाखवायचे असेल, तर ते मत देणारीचे राहत नाही. ते मंजुरीसाठी आलेले टिपण होते. ही दोन वाक्ये एकमेकांना खोडतात आणि वाचणारी व्यक्ती दुसऱ्या वाक्यावर विश्वास ठेवते, कारण त्यात अट आहे आणि पहिल्यात नुसते विशेषण आहे.

‘प्रामाणिक’ या विशेषणाकडे मी बराच वेळ पाहत राहिलो. जी व्यक्ती मुळातच खरे बोलते तिला ‘प्रामाणिकपणे सांगा’ असे म्हणण्याने आपण काय साधतो? फार तर थोडा अपमान. खरे सांगण्याची मुभा द्यायची असेल, तर ती विशेषणाने देता येत नाही. ज्या गोष्टींनी खरे सांगणे अवघड होते त्या गोष्टी आपण करणार नाही, हे एकेक करून सांगावे लागते. आधी पाहायला मागणार नाही. नंतर काढून टाकायला सांगणार नाही. मुदत घालणार नाही. काहीच सांगितले नाही तरी पाकिटे परत मागणार नाही. ही चार वाक्ये लिहिली की ‘प्रामाणिक’ हा शब्द गाळला तरी चालतो.

‘मोफत’ आणि ‘बदल्यात’ हे दोन शब्दही एकत्र नांदत नाहीत. बदल्यात काही मागितले की वस्तू मोफत उरत नाही. मी पुतण्याला हिशेब मांडून दाखवला. शंभर ग्रॅमचे पाकीट ११० रुपयांचे. दोन पाकिटांचे २२० आणि कुरिअरचे ७०, म्हणजे आपला खर्च २९० रुपये. समोरच्या बाईंचा खर्च काय? भाजी-डाळ-तांदूळ त्यांचे, गॅस त्यांचा. मसाल्यावर मत द्यायचे म्हणजे तो निदान दोन पदार्थांत वापरून पाहायला हवा, एकदा आमटीत आणि एकदा मसालेभातात किंवा भरल्या वांग्यात. मग चित्रीकरण, नको तो भाग कापणे, आवाज भरणे, शीर्षक आणि वर्णन लिहिणे. दीड-दोन दिवस सहज जातात. तेव्हा ‘फक्त एक छोटासा रिव्ह्यू’ यातील ‘फक्त’ आणि ‘छोटासा’ हे दोन्ही शब्द त्यांच्या श्रमांची किंमत आपण परस्पर ठरवून टाकतात. मोफत आहे ते पाकीट. त्यांचे काम मोफत आहे असे आपण गृहीत धरू शकत नाही. त्या अशा कामाचे मानधन घेत असतील, तर ‘आम्हाला ते परवडणारे नाही’ हे पहिल्याच पत्रात सांगून टाकणे अधिक बरे, म्हणजे दोन्ही बाजूंचा अवघडलेपणा वाचतो. आणि मानधन देऊन करवून घेतले, तर तो व्हिडिओ जाहिरात असतो. त्याला अभिप्राय म्हणू नये.

आता मुद्दा येतो भिडेचा. आपल्याकडे शेजारणीकडून आलेला डबा रिकामा परत करत नाहीत. निदान चिमूटभर साखर तरी त्यात घालून देतात. ही रीत चांगली आहे. पण मोफत पाठवलेल्या पाकिटाच्या बाबतीत तीच रीत आड येते. पाकीट घरात आले, वर हाताने लिहिलेली चिठ्ठी आली, की घेणारा माणूस थोडा मिंधा होतोच. मसाला बरा असेल तर तो ‘छान’ म्हणतो आणि छान असेल तर ‘अप्रतिम’. यात खोटेपणा नसतो, साखर असते. ही भीड पूर्णपणे घालवता येत नाही, हे मान्य करूनच पत्र लिहावे लागते. आपल्या हातात आहे ते इतकेच की तिच्यात भर घालू नये. म्हणून पाकिटांसोबत मिठाई, साडी, दिवाळीचा डबा असे काही पाठवायचे नाही. दोन पाकिटे पुरेशी आहेत आणि दोनच का, तर पहिला प्रयोग फसला तर दुसरे हाताशी असावे म्हणून. ‘आमच्या आईचा संसार यावर चालतो’ अशा वाक्यांनाही पत्रात जागा नाही. ते खरे असले तरी ते वाचल्यावर कोण म्हणेल की लवंग जरा जास्त झाली आहे?

दुसरी एक गोष्ट मला पुतण्याने पाठवलेले काही जुने व्हिडिओ पाहताना जाणवली. उत्पादकाने पत्रात जी विशेषणे लिहिलेली असतात तीच अभिप्रायात परत येतात. ‘पारंपरिक’, ‘आजीच्या हातची चव’, ‘शुद्ध’ हे शब्द एकाच उत्पादनाच्या तीन वेगवेगळ्या परीक्षणांत त्याच क्रमाने आलेले मी ऐकले. बोलणाऱ्यांना दुसरे शब्द सुचले नाहीत, कारण पहिले शब्द आयते हाती दिले होते. अशा परीक्षणाची आणखी एक खूण आहे : त्यात पाकीट उघडण्याचा, वास घेण्याचा आणि डोळे मिटण्याचा भाग लांबलचक असतो आणि शिजवलेला पदार्थ दिसत नाही, किंवा दिसला तरी खाल्लेला दिसत नाही. कशाशी तुलना नाही, कोणासाठी योग्य नाही याचा उल्लेख नाही, किंमत नाही. तेव्हा आपल्याला खरे मत हवे असेल, तर पत्रात विशेषणे न लिहिता माहिती लिहावी. घटक कोणते, केव्हा भाजला, किती दिवस टिकतो, किंमत काय. चवीचा शब्द त्यांचा त्यांना शोधू द्यावा.

यात आपल्या मालाची उणीवही आली. गोड्या मसाल्यात तीळ आणि सुके खोबरे असते. त्यांच्यातील तेलामुळे मसाल्याला चव येते आणि त्याच तेलामुळे तो धणे-जिऱ्याच्या कोरड्या पुडीपेक्षा लवकर खवट होतो. वहिनीच्या अनुभवाने उन्हाळ्यात दोन महिन्यांनंतर त्याचा वास उतरतो. पुतण्याला हे पत्रात लिहायचे नव्हते. ‘आपणच आपल्या मालाला नावे ठेवायची का?’ असे त्याने विचारले. माझे म्हणणे असे होते की, बाई अनुभवी असतील तर त्यांना हे माहीतच असणार आणि आपण लिहिले नाही तर लपवले असे वाटणार. शिवाय त्यात एक साधी व्यावहारिक गरज होती : पाकीट पोचल्यावर त्यांनी ते महिनाभर बाजूला ठेवले, तर आपल्या मसाल्याची परीक्षा त्याच्या उतरत्या काळात होईल. तिळाचा उल्लेख तर करायलाच हवा, कारण काही जणांना तिळाची ॲलर्जी असते आणि चाखून पाहा म्हणताना ते न सांगणे बेजबाबदारपणाचे ठरते.

पत्र कोणाला पाठवायचे, हे ठरवायला आम्हाला पत्र लिहिण्यापेक्षा जास्त वेळ लागला. पुतण्याची यादी अनुयायांच्या आकड्यानुसार लावलेली होती. मी त्याला प्रत्येकीचे तीन व्हिडिओ पूर्ण पाहायला सांगितले आणि त्याखालचे प्रेक्षकांचे बोलणे वाचायला सांगितले. पाहायच्या गोष्टी दोनच. पहिली : प्रेक्षक काय विचारतात? ‘मस्त’, ‘वा ताई’ आणि फुलांची चित्रे एवढेच असेल, तर त्या आकड्याला फारसा अर्थ नाही. ‘माझी आमटी फुटली, काय चुकले?’ असे कोणी विचारत असेल आणि त्याला उत्तर मिळत असेल, तर तिथे माणसे खरोखर स्वयंपाक करत आहेत. दुसरी : त्या निर्मातीने आजवर एखाद्या वस्तूबद्दल न आवडल्याचे कधी सांगितले आहे का? जिने कधीच काही नाकारले नाही तिच्या होकाराला वजन येत नाही. यादीतील एक बाई नाशिकच्या. त्यांचे अनुयायी चार हजारांच्या आसपास होते, म्हणजे यादीत खालून दुसऱ्या. पण त्यांनी एका मिक्सरविषयी बोलताना, खोबरे वाटताना त्याचे भांडे किती तापते ते सांगून, ‘मी पुन्हा घेणार नाही’ असे शांतपणे म्हटले होते. आणि कटाच्या आमटीच्या व्हिडिओत मसाला उकळीआधी घातला तर काय होते व उतरवताना घातला तर काय होते, हे दोन पातेली शेजारी ठेवून दाखवले होते. आम्ही त्यांनाच लिहायचे ठरवले.

इन्स्टाग्रामवर अनोळखी माणसाचा संदेश थेट पेटीत जात नाही. तो विनंत्यांच्या वेगळ्या कप्प्यात पडतो आणि उघडण्याआधी त्याची सुरुवातच काय ती दिसते. म्हणून पत्रलेखनातील क्षेमकुशलाची पद्धत इथे उपयोगाची नाही. कोण, कुठून आणि कशासाठी, हे पहिल्याच वाक्यात यावे लागते. संबोधनाचा प्रश्नही होता. ‘ताई’ म्हणावे तर त्यांचे प्रेक्षक त्यांना तसे म्हणतात, पण आम्ही व्यवहाराची गोष्ट काढत होतो आणि व्यवहाराच्या पहिल्या पत्रात नाते जोडले की नकार देणे कठीण जाते. ‘आपण’ फार औपचारिक वाटले. शेवटी नुसते ‘नमस्कार’ आणि पुढे ‘तुम्ही’ ठेवले. पुतण्याच्या नावे गेलेले पत्र शेवटी असे झाले :

‘नमस्कार. साताऱ्याहून लिहितो आहे. आमच्या घरी गोडा मसाला तयार होतो. त्याची दोन पाकिटे तुम्हाला वापरून पाहण्यासाठी पाठवू का, एवढे विचारायचे आहे.

कटाच्या आमटीच्या व्हिडिओत तुम्ही दोन पातेली शेजारी ठेवून मसाला घालण्याची वेळ समजावून सांगितली होती. ते पाहून तुम्हाला विचारावेसे वाटले.

मसाला माझी आई करते. त्यात धणे, तीळ, सुके खोबरे, जिरे, शहाजिरे, दगडफूल, तमालपत्र, दालचिनी, लवंग, मिरी, नागकेशर, हिंग, हळद आणि थोडी लाल मिरची आहे. तिळाची ॲलर्जी असल्यास कृपया घेऊ नये. १०० ग्रॅमची किंमत ११० रुपये आहे. तीळ-खोबऱ्यामुळे उन्हाळ्यात दोन महिन्यांनंतर वास कमी होतो, म्हणून पाठवताना आठवड्याच्या आतला माल पाठवू.

पाकिटांचे पैसे घेणार नाही आणि ती परत मागणार नाही. त्यांविषयी काही सांगायचे की नाही, हे तुम्ही ठरवावे. सांगितलेत, तर जे आवडले नाही तेही सांगावे. व्हिडिओ आधी पाहायला मागणार नाही आणि नंतर काढायला सांगणार नाही. पाकिटे आमच्याकडून भेट मिळाली, हे मात्र व्हिडिओत स्पष्ट लिहावे, ही विनंती.

अशा कामासाठी तुम्ही मानधन घेत असाल, तर ते देणे आम्हाला सध्या शक्य नाही, म्हणून आधीच सांगतो. नको असल्यास उत्तर दिले नाही तरी चालेल. हवे असल्यास पत्ता कळवावा. त्याचा उपयोग फक्त कुरिअरसाठी करू.’

खाली पुतण्याचे पूर्ण नाव, फोन नंबर आणि पाकिटावर असतो तो अन्नसुरक्षा नोंदणीचा चौदा आकडी क्रमांक लिहिला. अनोळखी माणसाने पाठवलेली खाण्याची वस्तू तोंडात घालण्याआधी एवढे तरी पडताळून पाहता यायला हवे.

भेट मिळाल्याचे लिहा, असे आपणच सांगण्यामागे सौजन्याखेरीज नियमही आहेत. भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये समाजमाध्यमांवरील अशा मजकुरासाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि ती त्या वर्षीच्या १४ जूनपासून लागू झाली. त्यांतला मूळ विचार सोपा आहे : उत्पादक आणि बोलणारा यांच्यात असा काही संबंध असेल की ज्याने बोलण्यावर परिणाम होऊ शकतो, तर तो प्रेक्षकाला दिसला पाहिजे. पैसा हा असा संबंध आहे आणि मोफत वस्तू हाही आहे, मग ती न मागता आलेली का असेना. हा उल्लेख इंग्रजीत किंवा व्हिडिओच्या भाषेत, सामान्य माणसाला समजेल असा असावा लागतो. लिखित मजकुरात तो ‘आणखी वाचा’च्या पलीकडे दडवून चालत नाही. व्हिडिओ दोन मिनिटांहून मोठा असेल, तर ज्या भागात त्या वस्तूविषयी बोलणे चालले आहे तेवढा सगळा वेळ तो पडद्यावर राहावा लागतो. परिषद ही जाहिरात व्यवसायाची स्वनियमन करणारी संस्था आहे. पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली स्थापन झालेल्या केंद्रीय प्राधिकरणाला दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल दहा लाख रुपयांपर्यंत दंड करता येतो आणि तो उत्पादकालाच नव्हे, तर शिफारस करणाऱ्यालाही होऊ शकतो. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२३ च्या जानेवारीत शिफारस करणाऱ्यांसाठी वेगळ्या सूचनाही काढल्या. मसाल्याच्या दोन पाकिटांसाठी कोणी कोणाला दहा लाखांचा दंड करील, असे मला वाटत नाही. पण विनंती करणारे आपण आहोत आणि नियम मोडल्याचा बोल मात्र त्या बाईंना लागू शकतो. तेव्हा तो विषय काढण्याची जबाबदारी आपली ठरते.

मात्र हा उल्लेख काय करतो आणि काय करत नाही, हे नीट समजून घ्यायला हवे. तो प्रेक्षकाला सावध करतो. बोलणाऱ्याच्या मनातील भीड तो कमी करत नाही. ‘भेट मिळाली’ असे लिहूनही माणूस साखर घालू शकतोच. म्हणूनच पत्रातील त्या चार नकारांची गरज उल्लेखाने संपत नाही.

पत्र गेले आणि सहा दिवस काही उत्तर आले नाही. पुतण्या रोज विचारायचा, पुन्हा लिहू का? मी त्याला दोन आठवडे थांबायला आणि त्यानंतर एकदाच, दोन ओळींची आठवण द्यायला सांगितले होते. उत्तर दिले नाही तरी चालेल, असे आपणच लिहिले असेल, तर तिसऱ्या दिवशी ‘बघितला का मेसेज?’ असे विचारता येत नाही. सातव्या दिवशी उत्तर आले. त्यात तीन प्रश्न होते : दगडफूल निवडून भाजता का, कारण त्यात माती राहते; एका पाकिटाचे पैसे मी दिले तर चालेल का; आणि माझ्या सासूबाईंच्या मसाल्याशी तुलना केली तर राग येणार नाही ना.

दुसऱ्या प्रश्नाने पुतण्या गोंधळला. पैसे घेतले तर भेट मिळाली असे लिहायचे की नाही? मी म्हटले, त्यांना मिंधेपण नको आहे, तेव्हा एका पाकिटाचे पैसे घे आणि पावती दे. एक पाकीट तरीही भेटच आहे, तेव्हा उल्लेख राहील. तसे झाले.

व्हिडिओ साधारण तीन आठवड्यांनी आला, साडेसात मिनिटांचा. वरच्या कोपऱ्यात ‘एक पाकीट उत्पादकाकडून भेट’ असे मराठीत लिहिलेले होते आणि मसाल्याची गोष्ट संपेपर्यंत ते तिथे होते. त्यांनी आमटी केली आणि मसालेभात केला. आमटीत मसाला आवडल्याचे त्यांनी सांगितले आणि चिंच-गुळासोबत तो उठून दिसतो, असे कारण दिले. मसालेभातात तो कमी पडला. नेहमीच्या दोन चमच्यांऐवजी तीन लागले, आणि तीन घातल्यावर लवंग पुढे आली. सासूबाईंच्या मसाल्यात खोबरे जास्त भाजलेले असते, त्यामुळे रंग गडद येतो, हा फिका आहे, असे दोन वाट्या शेजारी ठेवून दाखवले. आणि शेवटी पाकिटाची पट्टी दोनदा उघडल्यावर नीट बंद होत नाही, म्हणून मी मसाला बरणीत काढला, तुम्हीही काढा, असे सांगितले.

वहिनीने व्हिडिओ दोनदा पाहिला. लवंगेचे तिला पटले नाही. आमच्याकडे मसालेभाताला वेगळा काळा मसाला असतो, हा त्याच्यासाठी नाहीच, असे ती म्हणाली आणि ते बरोबरही होते. पण पाकिटावर तसे कुठे लिहिलेले नव्हते. पट्टीचे मात्र तिने लगेच मान्य केले. पुढच्या घाण्यापासून पाकीट बदलले आणि मागच्या बाजूला ‘आमटी, उसळ व भरल्या भाज्यांसाठी’ एवढी एक ओळ आली. त्या महिन्यात नाशिककडून अकरा नव्या मागण्या आल्या. त्यातल्या दोघींनी ‘बरणीत काढून ठेवायचा ना?’ असे विचारले होते.

एवढ्यावर पुतण्याचे समाधान झाले नाही. व्हिडिओतील आमटीचा भाग, बारा-पंधरा सेकंदांचा, कापून आपल्या खात्यावर लावावा असे त्याला वाटत होते. मसालेभात आणि पट्टी त्यात येणार नव्हती. ‘बोलल्या तर त्याच आहेत,’ असा त्याचा युक्तिवाद होता. बोलल्या त्याच होत्या, पण साडेसात मिनिटे बोलल्या होत्या. त्यातली पंधरा सेकंदे आपण निवडली की निवड आपली होते आणि तोंड त्यांचे राहते. शिवाय चित्रीकरण त्यांचे. न विचारता कापणे योग्य नव्हेच. त्याने दुसरा संदेश लिहिला आणि या वेळी माझ्याकडे न पाठवता थेट त्यांना पाठवला. मला नंतर दाखवला. चार ओळी होत्या : कोणता भाग, किती सेकंद, कुठे लावणार, आणि नको असेल तर नको.

उत्तर त्याच दिवशी आले. ‘आमटीचा भाग घ्या, पण त्यालाच जोडून मसालेभाताचे वाक्यही घ्या. आणि पाकीट बदलले आहे ना, मग पट्टीचे वाक्य आता लागू नाही, ते वगळा. नवे पाकीट मला एक पाठवा. त्याचे पैसे देते.’